मदत हवी आहे: सेरेब्रल पाल्सी म्हणजे सीपी असलेल्या मुलीची उंची तीन प्रकारे मोजली, तीन उत्तरं आली. पोटात नळी घालायचा निर्णय कोणत्या आकड्यावर घ्यायचा?

वाळपई_फिजिओ

सत्तरीतली 6 वर्षांची मुलगी आहे. स्पास्टिक क्वाड्रिप्लेजिया, चारही हातपाय ताठ. हालचालीच्या जीएमएफसीएस वर्गवारीत 5, सगळ्यात तीव्र पातळी, म्हणजे मान आणि धड दोन्ही धरत नाही. गुडघे पूर्ण सरळ होत नाहीत, दोन्ही टाचा वर ओढलेल्या. वजन 12.1 किलो. आईला एकटीला आणि मग मुलीसकट काट्यावर उभं करून वजाबाकी केली, स्प्लिंट काढून, दोनदा.

जुन्या कार्डावर उंची 97 सेमी आहे, पलंगावर आडवं करून टेपने घेतलेली. त्यावरून बीएमआय 12.9 येतो आणि कार्डावर शेरा आहे, ‘बुटकी आहे, पण वजन उंचीच्या प्रमाणात’. मला ते पटलं नाही, म्हणून गुडघ्याची उंची घेतली. ती 31 सेमी भरली आणि सूत्राने पूर्ण उंची 107.6 आली. मग नडगी मोजली. ती 22.3 सेमी, त्यावरून उंची 103.5. कोणती धरू?

खाणं असं: दिवसातून पाच वेळा उकड्या तांदळाची पेज, कधी नाचणीचं तिझन, एका वेळी 45 ते 50 मिनिटं. बरंचसं लाळेऱ्यावर सांडतं. गेल्या पावसाळ्यापासून छातीत कफ होऊन दोनदा दाखल करावं लागलं. डॉक्टरांनी गॅस्ट्रोस्टॉमीचा, म्हणजे पोटातून थेट जठरात नळी घालण्याचा, विचार करा म्हणून सांगितलंय. वडील म्हणतात, वजन तर प्रमाणात आहे असं लिहिलंय, मग कापाकापी कशाला? त्यांना काय सांगू?

तक्तावाली

सीपीच्या मुलांसाठी वेगळे वाढीचे तक्ते आहेत, जीएमएफसीएसच्या पातळीप्रमाणे. नेहमीच्या तक्त्यावर ही मुलं कायम खालीच दिसतात आणि आईवडील उगाच घाबरतात. पाचव्या पातळीचा तक्ता काढा. त्यात मधल्या रेषेच्या आसपास असेल तर नळीची गरज नाही.

मांडवीकाठ

@वाळपई_फिजिओ, नडगीचा आकडा धरा. कारण तुमच्याच वर्णनात आहे. गुडघ्याच्या उंचीसाठी गुडघा आणि घोटा दोन्ही काटकोनात यावे लागतात. टाच वर ओढलेली असली की कॅलिपरची खालची पात टाचेला टेकायच्या आधी पावलाच्या पुढच्या भागाला टेकते. टाच आणि पात यांच्यातली फटसुद्धा मग मापात धरली जाते. इथे तसंच झालेलं दिसतं. सूत्रात गुडघ्याची उंची 2.69 ने गुणली जाते, म्हणजे दीड सेंटिमीटरची चूक उंचीत 4 सेंटिमीटरची होते. तुमच्या दोन आकड्यांत नेमका तेवढाच फरक आहे.

नडगीला घोट्याचा कोन लागत नाही. गुडघ्याच्या आतल्या बाजूला, सांध्याच्या फटीखाली नडगीची वरची कड बोटाने चाचपून पेनने खूण करा. दुसरी खूण आतल्या घोट्याच्या हाडाच्या खालच्या टोकावर. टेप ताणून सरळ धरा, पोटरीच्या गोलाईवरून वळू देऊ नका. कापडी टेप ताणला जातो, स्टीलचा घ्या. कमी ताठ असलेल्या पायावर तीनदा मोजून सरासरी काढा, आणि प्रत्येक वेळी खुणा पुसून नव्याने करा, नाहीतर पहिलीच चूक तीनदा मोजली जाते.

उंची = 3.26 × नडगी + 30.8

हे सूत्र 1995 सालचं, सीपी असलेल्या 2 ते 12 वर्षांच्या मुलांवरून काढलेलं. त्यात साधारण 1.4 सेमी इकडेतिकडे होणारच. शिवाय ती मुलं आपल्याकडची नव्हेत. म्हणून सहा महिन्यांनी तुलना करताना उंचीशी उंची लावू नका, नडगीशी नडगी लावा. मूळ माप तेच आहे.

आता वडिलांचा मुद्दा. 97 सेमी हे माप वाकलेल्या गुडघ्यांचं आणि वाकड्या पाठीचं आहे. उंची खोटी कमी धरली की बीएमआय खोटा जास्त येतो. 103.5 धरला तर बीएमआय 11.3. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात सहा वर्षांच्या मुलीची उणे 2 ची रेषा 12.7 वर आहे आणि उणे 3 ची 11.7 वर. 12.9 ला ती रेषेच्या जरा वर होती, 11.3 ला ती उणे 3 च्याही खाली आहे. मूल तेच, वजन तेच, फक्त टेप चुकला होता. वडिलांना हे कागदावर दोन ओळींत मांडून दाखवा.

@तक्तावाली, ते तक्ते मी वापरतो, पण त्यांचं काम वेगळं. अशी मुलं प्रत्यक्षात कशी वाढली ते त्यात दिसतं, कशी वाढायला हवी होती ते नाही. ज्यांच्यावरून तक्ता काढला त्यांतली कितीतरी मुलं स्वतःच कमी खात होती. मधल्या रेषेवर असणं म्हणजे पोट भरतंय असं नव्हे. उलट दिशेने मात्र ते उपयोगी आहेत: 3 ते 5 पातळीच्या मुलाचं वजन विसाव्या शतमकाच्या खाली गेलं तर आजारपण आणि दगावण्याचा धोका वाढलेला दिसतो. म्हणजे तो तक्ता धोका सांगायला चालतो, निर्धास्त व्हायला नाही.

तक्तावाली

हा फरक मला माहीत नव्हता. आम्ही शाळेत सगळ्यांच्या फाइलला तोच तक्ता लावलाय, बदलायला हवं. पण मग पाचव्या पातळीच्या मुलाला सुदृढ मुलाच्या वजनापर्यंत न्यायचं का? तेही चूक वाटतं.

मांडवीकाठ

चूकच. म्हणून केवळ वजनाकडे बघत नाही. @वाळपई_फिजिओ, डाव्या दंडाच्या मागच्या बाजूची चरबी स्किनफोल्ड कॅलिपरने मोजा. खांद्याच्या टोकापासून कोपरापर्यंतच्या अंतराच्या मधोमध चिमूट धरायची, कातडी आणि चरबी येऊ द्यायची, स्नायू नाही. वयाच्या दहाव्या शतमकाखाली असेल तर शरीराची शिल्लक संपत आलीय. नळी बसल्यावरही हेच माप लागेल, तेव्हा उलट कारणासाठी. ही मुलं हालचाल कमी करतात, नळीतून भरपूर दिलं तर उंची तेवढीच राहून नुसती चरबी चढते.

पालक_फोंडा

माझ्या मुलाला फिजिओने नडगी मोजून प्लास्टिकचे स्प्लिंट करायला सांगितले, बूट घट्ट होतात. ते माप असंच घ्यायचं का? आणि नळीबद्दल सांगते, सासऱ्यांना लकव्यानंतर पोटातून नळी घातली होती, तीन महिन्यांत काढली, आता सगळं खातात. मुलीचीही निघेल, घाबरायला सांगू नका.

गिळणं_बोलणं

ताई, स्प्लिंटसाठी पायाचा साचा घेतात, हे माप तिथे चालणार नाही. आणि लकव्यात गिळणं बऱ्याचदा काही महिन्यांत परत येतं, म्हणून सासऱ्यांची नळी निघाली. जीएमएफसीएस 5 मध्ये बहुतेकदा नळी वर्षानुवर्षं राहते. तीन महिन्यांत निघेल असं वडिलांना आत्ता सांगितलं तर चौथ्या महिन्यात त्यांचा विश्वास जाईल.

@वाळपई_फिजिओ, माझा प्रश्न सांडण्यापेक्षा आत जाणाऱ्या घासाबद्दल आहे. खाताना ठसका लागतो का? नाही म्हणाल तर मी निश्चिंत होणार नाही. या मुलांत घास श्वासनलिकेत जाऊनही खोकला येत नाही असं पुष्कळदा होतं. जेवताना डोळ्यांत पाणी येणं, जेवणानंतर आवाज ओलसर होणं, घुरघुर, श्वास वाढणं हे बघा. पातळ पेज या मुलीसाठी दोन्हीकडून वाईट: पातळ पदार्थ घशातून पटकन निसटतो, आणि 30 ग्रॅम तांदूळ 300 मिली पेजेत गेला तर सगळ्या वाटीत जेमतेम 100 किलोकॅलरी. अर्धी लाळेऱ्यावर गेली की उरलं काय?

एक दिवस असं करा. वाटी, चमचा आणि कोरडा लाळेरा स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर आधी आणि नंतर वजन करा. वाटीतली घट वजा लाळेऱ्यात वाढलेलं वजन, एवढंच पोटात गेलं. पाचही वेळा मोजा. बसवून, मान किंचित पुढे ठेवून भरवलेलं हवं, आडवं घेऊन नाही. आणि व्हिडिओफ्लुरोस्कोपी, म्हणजे गिळतानाचा चालता एक्स-रे, करायला सांगा. तोंडाने थोडीशी चव देता येईल का, हे त्यावरच ठरेल.

वाळपई_फिजिओ

मोजलं. पाच वेळांत मिळून 690 ग्रॅम वाटीतून गेलं, लाळेऱ्यावर 170. आईने दिलेल्या हिशेबाने दिवसाला 300 किलोकॅलरीच्या आसपास, दूध धरून 450. ठसका क्वचित, पण घुरघुर प्रत्येक जेवणानंतर. दंडाची चरबी तीनदा मोजली, प्रत्येक वेळी 4 मिमी. पेज दाट करून आणि तेल घालून महिनाभर बघू का?

मांडवीकाठ

चालता न येणाऱ्या मुलाला साधारण 11 किलोकॅलरी दर सेंटिमीटर उंचीला, हा सुरुवातीचा अंदाज. 103.5 ला गुणलं तर 1140 च्या आसपास. मिळतात 450. एक चमचा तेल 45 किलोकॅलरी देतं, 700 ची खोट तेलाने भरणार नाही. दिवसाचे चार तास भरवण्यात जाताहेत, तीनाच्या वर गेलं की तोंडाने भरवणं पुरेसं नाही असं धरतात. त्यात दोन वेळा छाती भरलीय. महिनाभर वाट बघण्याजोगी स्थिती नाही, दाखल करून नाकातून राइल्स ट्यूब घालावी.

पहिल्या दिवसापासून पूर्ण 1140 द्यायचे नाहीत, यात लोक चुकतात. इतक्या उपाशी शरीरात एकदम साखर गेली की फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींत ओढले जाऊन रक्तात घसरतात, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. निम्म्याने सुरू करून, रक्त तपासत, काही दिवसांत वाढवतात. म्हणून हे घरी नको.

राइल्स ट्यूबचे तीन-चार आठवडे चाचणीही असते. नळीतून दिल्यावर वजन वाढलं, उलट्या झाल्या नाहीत, तर पोट अन्न धरतंय हे कळतं आणि पेग, म्हणजे दुर्बिणीने पोटात नळी, करायला आधार मिळतो. फार उलट्या झाल्या तर आधी रिफ्लक्स, म्हणजे जठरातलं वर येणं, बघावा लागतो. नाकातली नळी महिने-महिने ठेवू नये, टोचते, निघते, आणि निघालेली चुकून श्वासनलिकेत जाऊ शकते.

सुईदोरा

वॉर्डातून एक भर. पाठ किती वाकडी आहे ते सर्जनला आधीच सांगा. वाकड्या पाठीत जठर बरगड्यांखाली सरकलेलं असतं, मग दुर्बिणीने नुसती पेग होत नाही, लॅपरोस्कोपीची मदत लागते. मिरगीच्या गोळ्यांची यादीही न्या, काही गोळ्या कुटून नळीत घातल्या की नळी तुंबते.

आणि आईला पहिल्या दिवशीच सांगा: सुरुवातीच्या आठवड्यांत नळी निघाली तर घरी परत घालायची नाही, वाट पक्की झालेली नसते आणि अन्न जठराऐवजी पोटाच्या पोकळीत जाऊ शकतं. लगेच बांबोळीच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात. वाट पक्की झाल्यावर उलट होतं, भोक काही तासांत आकसतं, तेव्हा जवळच्या आरोग्य केंद्रात फोलीची नळी तात्पुरती घालून वाट उघडी ठेवायची. वाळपईहून बांबोळीचा रस्ता लक्षात घेता तिथल्या नर्सला हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

वाळपई_फिजिओ

वडिलांना दोन बीएमआय शेजारी-शेजारी लिहून दाखवले. ते बराच वेळ कागद बघत होते. राइल्स ट्यूबला हो म्हणाले, पेगला अजून नाही. आजी विचारते, तोंडाने काहीच द्यायचं नाही का, सणाचं गोडसुद्धा? व्हिडिओफ्लुरोस्कोपी होईपर्यंत मी उत्तर दिलं नाही. रिफ्लक्स निघाला तर त्याच वेळी फंडोप्लिकेशन, म्हणजे अन्न वर येऊ नये म्हणून जठराचं तोंड आवळायची शस्त्रक्रिया, करावं का, हाही प्रश्न उभा राहील.

मांडवीकाठ

फंडोप्लिकेशन सरसकट सोबत करत नाहीत, पण तुमच्या मुलीत काय करावं यावर सर्जन आणि बालरोगतज्ज्ञांचं मत वेगळं पडू शकतं. राइल्स ट्यूबच्या आठवड्यांत उलट्यांची तारीखवार नोंद ठेवा, ती वही दोघांपुढे ठेवता येईल. लाळ श्वासनलिकेत जात असेल तर पेगनंतरही छाती भरू शकते, हे वडिलांना आत्ताच सांगा. पुढचं वजन त्याच काट्यावर, नडगी त्याच पायावर.

वाळपई_फिजिओ

पाय डावा. कार्डावर 97 खोडून नडगी 22.3 लिहिली, तारखेसकट.