भारद्वाजाच्या हाकेतला वारा: कापायचा किती?

गोदाकाठ: नाथसागराच्या बांधावर भारद्वाज रेकॉर्ड केला. मागे वाऱ्याची घरघर आहे, मधूनच रेकॉर्डर धरलेल्या हाताची खडखड. ऑडेसिटीत हे कसं काढू?

माळरान: सोपं आहे. `High-Pass Filter` उघडा, `Frequency` 1000, `Roll-off` 24 dB. वारा खालच्या पट्टीतच असतो. चंडोलाचं रेकॉर्डिंग असंच स्वच्छ निघतं.

रानवाट: माळरानभाऊ, चंडोल 2000 हर्ट्झच्या वर गातो म्हणून ते जमतं. भारद्वाजाचा घुमारा 500 च्या खालीच असतो. 1000 वर कापलं तर वाऱ्यासोबत पक्षीही जाईल.

गोदाकाठ, आधी `Spectrogram` लावून बघा. हाका आखूड आडव्या रेघांसारख्या दिसतील आणि वारा तळाशी धुक्यासारखा. सगळ्यात खालची रेघ 250 ला असेल तर फिल्टर 150 ला लावा. रेघेला चिकटून लावला तर हाक पातळ होते. 150 च्या वर चढलेले मोठे झोत मात्र राहतील.

खडखड याने जात नाही. बोट सरकलं की तळापासून वरपर्यंत उभी रेघ उमटते. ती दोन हाकांच्या मध्ये असेल तर तेवढ्या तुकड्यावर शेजारची शांत जागा चिकटवा. हाकेवरच असेल तर ती हाक सोडा. मूळ फाइल जशीच्या तशी वेगळी ठेवा.

माळरान: 150 ला निम्मा वारा तसाच राहील. मग `Noise Reduction` लावावंच लागेल.

रानवाट: ते पंख्याच्या एकसुरी आवाजाला चांगलं. वारा क्षणोक्षणी बदलतो, म्हणून एका तुकड्याचा नमुना पुढच्या झोताला लागू पडत नाही आणि हाक पाण्यातून आल्यासारखी बुडबुडते.

फिल्टरच्या आधी `Show Clipping` चालू करा. झोतावर लाल रेघा आल्या तर आवाज रेकॉर्ड होतानाच फाटलाय. फिल्टरनंतर लाटेचे माथे पुन्हा गोल दिसतात, त्यामुळे फसायला होतं. तडतड आतच असते. त्यावर इलाज बांधावरच: फोमवर केसाळ कापडाची सैल टोपी, मध्ये थोडी पोकळी. घट्ट गुंडाळली तर फायदा फार कमी. आणि रेकॉर्डर हातात नको, स्टँडवर ठेवा.

टाळकरी: मी नाथषष्ठीच्या दिंडीला 150 लावून पाहिलं, पखवाजाची धुम्मच गेली!

रानवाट: जाणारच दादा, डाव्या पुडीचा दम तिथंच आहे. गर्दीला 60 च्या आसपास थांबा. जिथं झोत आहे तेवढ्याच दोन-तीन सेकंदांना 120 लावा.

माळरान: आणि मग त्या दोन सेकंदांत पखवाज अचानक पोकळ वाजेल. सांधा लगेच कळतो. त्यापेक्षा सगळीकडे 80 बरं.

रानवाट: दोन्ही टोकांना आवाज हळूहळू मिसळला तर एवढा कळत नाही. पण झोत थापेवरच आला असेल तर तुमचं 80 ही चालणार नाही आणि माझं 120 ही.

टाळकरी: माझ्यात नेमका थापेवरच आहे.