मदत हवी आहे: तपासणी पास होते, तरी डंजनमधली खोली बंदच

माझ्या गेममध्ये डंजनचा नकाशा दर वेळी कोडच बनवतो, ६४×४० चौकटींचा. १२ खोल्या टाकतो आणि प्रत्येक खोली आधीच्या खोलीला काटकोनी बोळाने जोडतो. इथवर सगळं जोडलेलं असतं. नंतर सजावट म्हणून तळी टाकतो आणि तिथेच घोळ होतो: एखादं तळं बोळावर बसतं.

म्हणून शेवटी सुरुवातीच्या चौकटीपासून फ्लड फिल चालवतो आणि प्रत्येक खोलीची मधली चौकट त्यात आली का ते बघतो. तरीही सीड 4471 ला सातवी खोली बंद असताना तपासणी पास झाली! दोन तास डोकं खाजवल्यावर कारण सापडलं. फ्लड फिल तिरपा सरकत होता आणि खेळाडू तिरपा चालूच शकत नाही.

```python
dirs = [(1,0),(-1,0),(0,1),(0,-1)]
```

आता चारच दिशा ठेवल्यात आणि तुटलेले नकाशे पकडले जातात. पण पुढे काय करावं? पूर्ण नकाशा फेकून नव्या सीडने बनवू, की तुटलेल्या भागापासून जवळच्या पोहोचण्याजोग्या चौकटीपर्यंत बोळ खणू? खणलं तर तळ्यातून सरळ रस्ता जातो, दिसायला विचित्र. शिवाय कुलूपबंद दारं येणार आहेत. किल्ली तिच्याच दारामागे अडकली नाही, हे कसं तपासता?