मदत हवी आहे: फोटोवरून हेल्मेटची साईज बरोबर आहे का सांगाल?

नीराकाठ: धाकट्या भावाने पुण्यात फुल फेस हेल्मेट घेतलं, साईज एल. मी साताऱ्यात, त्यामुळे व्हॉट्सॲपवर आलेली सेल्फी एवढंच हाताशी आहे. काच वर केलेली आहे. कपाळावरच्या पॅडची कड थेट भुवयांना टेकलेली दिसते, दोन्ही गालांशी काळी फट आहे आणि पट्टा हनुवटीखाली लोंबतोय. तो म्हणतो, एकदम आरामशीर आहे. दुकानदार सात दिवसांत बदलून देतो, त्यातले चार गेले. फोटोवरून काही कळेल का?

गिअरवाला: साईज बरोबर आहे असं फोटोवरून छातीठोक सांगता येत नाही, पण चुकली असेल तर बहुतेक वेळा दिसतं. तुमच्या वर्णनात गालाची फट ही मोठी खूण आहे. नव्या हेल्मेटचे पॅड गालांना इतके भिडायला हवेत की गालाचं मांस किंचित वर, डोळ्यांकडे सरकलेलं दिसेल. काही आठवडे वापरलं की फोम दबून सैल होतो. म्हणजे आज आरामशीर वाटणारं हेल्मेट पुढे डोक्यावर फिरू लागणार.

भुवयांबद्दल मात्र सेल्फीवर विसंबू नका. हात वर करून फोटो काढला की हेल्मेटची पुढे आलेली कड भुवया झाकते, खालून काढला की कपाळ जास्त दिसतं. दुसऱ्या कुणाला तरी दोन मीटरवर उभं करा, कॅमेरा डोळ्यांच्या पातळीवर ठेवा आणि समोरून एक, बाजूने एक असे फोटो घ्या. पॅडची कड भुवयांच्या साधारण बोटभर वर हवी.

आणि टेपने डोकं मोजा. भुवयांच्या अडीच सेंटिमीटर वरून, कानांच्या वरून, मागे सगळ्यात फुगीर भागावरून. तीनदा मोजा आणि मोठा आकडा धरा.

घाटवळण: एवढं कशाला? गालाचे जाड पॅड मिळतात, ते टाकले की एल चालून जाईल.

गिअरवाला: गालांपुरतं बरोबर आहे. माथा नीट बसला असेल आणि फक्त गाल सैल असतील, तर तो चांगला उपाय आहे. पण आतलं अस्तरच मोठं असेल तर कपाळ आणि मागचा भाग सैलच राहतो, आणि ते गालाच्या पॅडने भरून निघत नाही.

शुभा_क: माझा अंबाडा असतो, हेल्मेट वरच राहतं. एक साईज मोठी घेऊ का?

गिअरवाला: नको. अंबाड्यावर चढलेलं हेल्मेट मागून उचललेलं राहतं आणि पुढे झुकतं. मानेशी सैल वेणी घाला आणि मग साईज बघा.

नीराकाठ: मोजलं. 57, 57.3, 57. कंपनीच्या तक्त्यात एम म्हणजे 57-58, एल 59-60. सांगितल्याप्रमाणे समोरून फोटो काढला, कड तरीही भुवयांवरच आहे.

गिअरवाला: मग कॅमेऱ्याचा दोष नाही, हेल्मेट खाली उतरलंय. आता ते हलतं किती, हे फोटोतच दिसेल असं करा. त्याला मान स्थिर ठेवायला सांगा, मित्राने हनुवटीपुढचा भाग धरून हेल्मेट डावीकडे वळवावं आणि त्याच क्षणी समोरून फोटो घ्यावा. बरोबर साईज असेल तर गालांची आणि कपाळाची कातडी हेल्मेटबरोबर ओढली जाते. नाक तिथेच आणि हनुवटीपुढच्या भागाचा मध्य बाजूला सरकलेला दिसला, तर सैल.

दुसरी चाचणी पट्टा लावून. पट्ट्याखाली दोन बोटं जातील इतकाच ढिला ठेवा. मित्राने मागची खालची कड धरून हेल्मेट हळूच वर आणि पुढे ढकलावं. ते डोळ्यांवर आलं किंवा निघालं तर त्यावर गाडी चालवायची नाही.

नीराकाठ: केलं. मध्य जवळजवळ डोळ्याच्या रेषेत गेला आणि मागून ढकलल्यावर पुढची कड नाकावर आली. दुकानात एम आहे, पण त्याने घालून बघितला तेव्हा कपाळाच्या मध्यभागी दुखलं म्हणे, म्हणून तर एल घेतला.

घाटवळण: नवं हेल्मेट दुखतंच. पॅड बसतील.

गिअरवाला: गालांना दाब बसला तर कमी होईल. कपाळावर एकाच जागी टोचलं तर ते सहसा जात नाही. त्याचं डोकं पुढून मागे लांबट असेल आणि हे मॉडेल गोल साच्याचं असेल, तर एममध्ये कपाळ दुखणार आणि कानशिलांशी मात्र जागा राहणार. तेव्हा मोठी साईज हा उपाय नाही, वेगळ्या आकाराचं मॉडेल बघावं लागेल. उद्या दुकानात एम वीस मिनिटं डोक्यावर ठेवा, काढल्या काढल्या कपाळाचा जवळून फोटो घ्या. लाली पट्ट्यासारखी सगळीकडे सारखी असेल तर एम घ्या, मध्येच रुपयाएवढा लाल डाग असेल तर घेऊ नका.

नीराकाठ: दुकानदार म्हणतो, बदलून देईन पण याच मॉडेलमध्ये. उद्या संध्याकाळी भावाला पाठवते, फोटो इथेच टाकते.