प्रतिसाद: माइनस्वीपरमधली पहिली क्लिक आणि सुरुंगांची जागा

> "पहिल्या क्लिकला सुरुंग कधीच लागत नाही, मग गेम तो आधी लावतो की नंतर?"

दोन्ही प्रकार आहेत. जुन्या विंडोजमधल्या माइनस्वीपरमध्ये सुरुंग आधीच लावलेले असत. पहिली क्लिक नेमकी सुरुंगावर पडली, तर तो उचलून वरच्या डाव्या कोपऱ्यात जाई. तिथे आधीच सुरुंग असेल, तर पुढच्या रिकाम्या घरात. याची किंमत पाहा. ९×९ च्या पटावर १० सुरुंग, म्हणजे कुठल्याही घरात सुरुंग असण्याची शक्यता साधारण १२%. पण पहिली क्लिक दुसरीकडे केली, तर त्या कोपऱ्याची शक्यता २३% पर्यंत चढते! शिवाय सुरुंग हलवल्यावर दोन्ही जागांच्या शेजारचे आकडे पुन्हा मोजायला विसरलात, तर पट खोटं बोलायला लागतो.

स्वतः लिहीत असाल तर क्लिक येईपर्यंत थांबा. क्लिकचं घर आणि त्याचे आठ शेजारी वगळा, उरलेल्या ७२ घरांची यादी पिसा आणि पहिली १० घरं उचला. शेजारी वगळले नाहीत, तर क्लिक सुरक्षित राहते, पण बऱ्याचदा नुसता एक आकडा उघडतो आणि दुसरी चाल अंदाजपंचे! वगळले की शून्य नक्की येतं आणि मोकळा पट्टा उघडतो. कोपऱ्यात क्लिक झाली तर चारच घरं वगळली जातात, ७७ उरतात.

"यादृच्छिक घर निवड, नको असेल तर पुन्हा निवड" असा लूप मात्र टाळा. ९×९ च्या कस्टम पटावर ७३ सुरुंग मागितले आणि क्लिक कडेला न होता मधे झाली, की तो कधीच संपत नाही. अशा वेळी फक्त क्लिकचं घर वगळायचं.