शब्दचर्चा: चाक ‘संपृक्त’ झाले की चाक ‘भरले’?

सुलभा, फोंडा:
नववीच्या मुलांनी विज्ञान प्रदर्शनासाठी केलेला तक्ता तपासते आहे. विषय आहे, अंतराळयान इंधन न सोडता तोंड कसे वळवते. त्यात वाक्य आहे: ‘काही दिवसांनी प्रतिक्रिया चाक संपृक्त होते, मग त्याला निःसंपृक्त करावे लागते.’ संपृक्त म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे मिठाचे द्रावण येते. चाकात काय विरघळते? दुसरा सोपा शब्द आहे का? आणि ‘प्रतिक्रिया चाक’ ठेवू की ‘रिॲक्शन व्हील’च लिहू?

वसुधा, डिचोली:
‘संपृक्त’चा मूळ अर्थच मिसळलेले, जोडलेले असा. द्रावणाला तो शोभतो, चाकाला नाही. ‘निःसंपृक्त’ तर वाचतानाच अडखळायला होते. ‘प्रतिक्रिया’ या शब्दाचेही हल्ली वाईट झाले आहे. लेखाखाली लोक लिहितात ती प्रतिक्रिया, असाच अर्थ आधी डोक्यात येतो. मी ‘प्रतिचाक’ सुचवते.

रोहन, मडगाव:
मला तर ते वाक्यच चुकीचे वाटते. चाक मोटरवर फिरते, मोटरला वीज सौर पॅनेलची. चाक एका दिशेला फिरवले की यान उलट दिशेला वळते. यात संपण्यासारखे काही नाही, म्हणून भरण्यासारखेही काही नाही. वाक्य काढून टाका, शब्दाचा प्रश्नच मिटला.

अनंत, पर्वरी:
रोहनबाब, दुसरे-तिसरे वाक्य बरोबर, चौथे नाही. एक उदाहरण आकड्यांनिशी करून पाहू. शब्दाचा निकालही त्यातूनच लागेल.

समजा, उपग्रहाचे जडत्व १०० किलोग्रॅम-वर्गमीटर आहे. आत एक चाक, मिनिटाला जास्तीत जास्त ४००० फेरे घेणारे, आणि त्या वेगाला त्यात ४ न्यूटन-मीटर-सेकंद एवढा कोनीय संवेग, म्हणजे फिरतेपणाचा साठा, मावतो. उपग्रह ५ मिनिटांत ३० अंश वळवायचा आहे. पहिली अडीच मिनिटे चाकाचा वेग वाढवायचा, पुढची अडीच मिनिटे तेवढाच कमी करायचा. चाक २००० फेऱ्यांवर असेल तर मधल्या क्षणी ते साधारण २३५० वर जाते आणि शेवटी परत २००० वर येते. हिशेब शून्य. इथपर्यंत तुझे म्हणणे खरे.

आता उपग्रह एका ताऱ्याकडे तोंड करून नुसता बसला आहे. त्याचे पॅनेल एकाच बाजूला आहे आणि त्यावर सूर्यप्रकाशाचा दाब पडतो. दाब नगण्य, एका चौरस मीटरवर न्यूटनचे काही दशलक्षांश. पण पॅनेल ४ चौरस मीटरचे आणि मध्यापासून मीटरभर लांब असेल तर ०.००००२ न्यूटन-मीटरचा पीळ, म्हणजे फिरवणारा जोर, सतत एकाच दिशेने बसतो. उपग्रह वळू नये म्हणून तो पीळ चाक आपल्या अंगावर घेते, म्हणजे हळूहळू वेग वाढवत राहते. तासाला ७२ फेऱ्यांची वाढ. शून्यापासून निघालेले चाक ५५ तासांच्या आसपास ४००० वर पोचते, म्हणजे सव्वादोन दिवसांत. त्यापुढे मोटरला वेग वाढवता येत नाही, पीळ सरळ उपग्रहावर पडतो आणि तो ताऱ्यावरून सरकू लागतो.

नियंत्रण कक्षात हे आधीच दिसते. चाकाच्या वेगाचा आलेख सरळ तिरक्या रेषेत चढत असेल, तर त्या रेषेच्या चढावरूनच बाहेरचा पीळ किती हे काढता येते. रेषा सरळ असते तोवर काळजी नाही. तेवढ्याच वेगाला मोटरचा प्रवाह वाढू लागला, तर मात्र बेअरिंगकडे संशयाने पाहायचे.

तेव्हा तक्त्यातले वाक्य राहू द्या. चाक बाहेरचा पीळ नाहीसा करत नाही, साठवते. म्हणून माझे मत ‘भरले’ला. नियंत्रण कक्षात आमच्यातही बोलताना ‘चाक भरत आलेय’ असेच म्हणत.

विठू, बेतूल:
आमच्या एका मालकाच्या बोटीवर असा जायरो आहे, लाटांवर डोलू नये म्हणून. आत जड चाक, हवा काढलेल्या गोळ्यात. दिवसभर चालतो, पण भरला असे कधी झाले नाही. तुमच्या चाकातच काही दोष असणार.

अनंत, पर्वरी:
विठूबाब, तुमचा प्रश्न वेगळा आहे, पण कामाचा आहे. लाट बोट डावीकडे कलवते, लगेच उजवीकडे. जेवढे चढते तेवढेच उतरते, म्हणून साठत नाही. बोट कायम एका अंगाला कलंडत राहील असे वजन एका बाजूला ठेवा, मग तुमचा जायरोही थोड्याच वेळात टोकाला जाऊन अडकेल. उपग्रहालाही येणारे-जाणारे पीळ त्रास देत नाहीत. एकाच दिशेचा, कितीही बारीक असला तरी, तोच चाक भरतो.

आणि एक सांगा, तुमच्या बोटीतल्या चाकाचा वेग लाटेबरोबर बदलतो का?

विठू, बेतूल:
नाही. वेग ठरलेला. चाक ज्या चौकटीत बसवलेय ती चौकट पुढेमागे कलते, तिला हायड्रॉलिक ब्रेक आहे. वेगावर यायलाच अर्ध्या तासाहून जास्त लागतो.

अनंत, पर्वरी:
म्हणजे तो अंतराळयान वळवणाऱ्या दुसऱ्या एका यंत्राचा भाऊ, कंट्रोल मोमेंट जायरोस्कोपचा. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर असे ४ आहेत. प्रत्येकातले चाक सुमारे ९८ किलोचे, मिनिटाला ६६०० फेरे, त्यात साठा ४७६० न्यूटन-मीटर-सेकंद. वेग वाढवायचा नाही, भरधाव चाकाचा आस फक्त वळवायचा. सेकंदाला ३ अंशांच्या थोड्या वर वळवला की २५८ न्यूटन-मीटरचा पीळ मिळतो. शेकडो टनांचे स्थानक वेग बदलणाऱ्या चाकांनी हलवायचे तर मोटरा किती मोठ्या लागतील याचा विचार करा.

वसुधा, डिचोली:
मग ‘कलती घूर्णी’ म्हणा. घूर्णी हा शब्द मराठीत आहेच आणि विठूच्या चौकटीमुळे ‘कलती’ पटते. पण अनंतबाब, इथे तुमचे ‘भरले’ बसत नाही. ही चाके पहिल्या दिवसापासून पूर्ण वेगात आहेत, म्हणजे कायमची भरलेलीच. त्यांना पुन्हा ‘भरली’ कसे म्हणायचे?

अनंत, पर्वरी:
पकडलेत. तिथे एकेक चाक भरत नाही, चौकडी भरते. सुरुवातीला चौघांचे आस असे ठेवलेले असतात की बेरीज शून्य. बाहेरचा पीळ घेता घेता सगळे आस एका दिशेला झुकत जातात. चारही एका रांगेत आले की त्या दिशेने देण्यासारखे उरत नाही. साठा भरला म्हणता येईल, चाक भरले म्हणता येणार नाही.

रोहन, मडगाव:
ठीक, साठते हे मान्य. मग ब्रेक लावून चाक थांबवायचे, झाले रिकामे.

अनंत, पर्वरी:
लाव ब्रेक. चाकातले ४ न्यूटन-मीटर-सेकंद उपग्रहात जातील आणि तो अडीच-पावणेतीन मिनिटांत एक गिरकी या वेगाने फिरत राहील. साठा उपग्रहाच्या बाहेर जायला बाहेरचे काहीतरी धरावे लागते. थ्रस्टर असेल तर मीटरभर अंतरावरून १ न्यूटनचा झोत २ सेकंद सोडायचा आणि त्याच वेळी चाकाला तेवढाच वेग उतरवायला सांगायचे. अर्धा साठा गेला, हायड्रॅझिन इंधन लागले ग्रॅमभर. मुलांना ‘इंधन न सोडता’ लिहायचे असेल तर ‘वळताना’ हा शब्द जोडा. वळणे फुकट आहे, रिकामे करणे नेहमीच फुकट नसते.

पृथ्वीजवळ मात्र ग्रॅमभरही लागत नाही. विजेवर चालणाऱ्या चुंबकी दांड्या पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राला धरून पीळ देतात. अडचण एकच: क्षेत्राची रेषा ज्या दिशेला, त्या दिशेभोवती पीळ देता येत नाही. म्हणून तेवढा भाग उपग्रह कक्षेत पुढे जाऊन रेषा वळेपर्यंत थांबवावा लागतो.

सुलभा, फोंडा:
हे तर आमच्या खाजनातल्या मानशीसारखे झाले. शेतात पाणी साठत राहते, पण दार भरतीला बंद. ओहोटी लागली की बाहेरचे पाणी उतरते, दार आपोआप उघडते आणि निचरा होतो. ‘निःसंपृक्त करणे’ऐवजी ‘निचरा करणे’ लिहू का? मुलांना मानस पाहून माहीत आहे.

अनंत, पर्वरी:
‘निचरा’ उत्तम. मानशीचे उदाहरण अर्धे चालेल. वेळ साधावी लागते हे खरे, पण मानशीचे दार पाण्याच्या दाबाने आपोआप हलते, दांडीत प्रवाह केव्हा आणि कोणत्या दिशेने सोडायचा हे संगणक ठरवतो. तेवढे मुलांना सांगा.

रोहन, मडगाव:
अजून एक. हबल दुर्बिणीचे जायरो एकेक करून गेले, २०२४ पासून ती एकाच जायरोवर चालते. म्हणजे तिचा निचरा नीट झाला नाही असे समजायचे का?

अनंत, पर्वरी:
नाही, आणि याच गोंधळासाठी वसुधाताईंचा ‘घूर्णी’ मला जरा धोक्याचा वाटतो. हबलचे जायरो मोजतात, वळवत नाहीत. दुर्बीण किती वेगाने वळते आहे एवढेच ते सांगतात. वळवणारी ४ चाके वेगळी, प्रत्येकी ४५ किलोंच्या आसपास, आणि निचरा चुंबकी दांड्यांनी. अंतराळ स्थानकातली घूर्णी वळवते, हबलमधली घूर्णी मोजते. एकच शब्द दोघांना दिला तर वाचक फसणारच.

वसुधा, डिचोली:
मग मोजणारी ती ‘घूर्णमापी’, वळवणारी ती ‘कलती घूर्णी’.

अनंत, पर्वरी:
चालेल. भरूच नये म्हणून काय करतात तेही तक्त्यात टाका, सुलभाताई. पॅनेल एका बाजूला असेल तर दुसऱ्या बाजूला लांब दांडीवर शीड लावतात, म्हणजे प्रकाशाचा दाब दोन्हीकडे तोलला जातो. आपल्या इन्सॅट-१ए ला असे शीड होते. १९८२ च्या एप्रिलमध्ये तो सोडला, शीड उघडलेच नाही. तोल राखण्यात इंधन खर्ची पडत गेले आणि सप्टेंबरमध्ये ते संपून उपग्रह हातचा गेला. शीड हे एकटेच कारण नव्हते, पण मोठे होते.

उलट उदाहरणही आहे. ३ मार्च २००७ ला अंतराळ स्थानक नुसत्या कलत्या घूर्णींवर १८० अंश फिरवले, सुमारे पावणेतीन तास घेऊन. थ्रस्टरने केले असते तर ५० किलोंच्या घरात इंधन गेले असते. सरळ वाटेने फिरवले असते तर साठा मध्येच भरला असता. म्हणून वाकडी वाट निवडली, पृथ्वीच्या गुरुत्वाचा पीळच वाटेत साठा उतरवत जाईल अशी.

विठू, बेतूल:
शिडाचे समजले. वाकडी वाट तर आम्ही रोजच घेतो, वारा समोरून असला की.

सुलभा, फोंडा:
तक्त्यावर सध्या असे लिहिते: ‘सूर्यप्रकाशाचा एकाच दिशेचा पीळ घेऊन चाकाचा साठा भरतो. भरला की त्याचा निचरा करावा लागतो.’ नाव ‘प्रतिक्रिया चाक’च ठेवते, क्रिया-प्रतिक्रियेचा नियम मुले त्याच वर्षी शिकतात.

वसुधा, डिचोली:
‘साठा’ आणि ‘निचरा’ला हरकत नाही. ‘प्रतिक्रिया’ मला अजून खुपते. आणि ‘पीळ’ म्हटल्यावर पालक सुंभ आठवतील ते वेगळेच.