प्रतिसाद: एच. पायलोरी या जठरातल्या जंतूवरच्या गोळ्या मध्येच थांबवाव्यात का?

«१४ दिवसांचा कोर्स आहे. पाचव्या दिवशीच पोटदुखी गेली, पण तोंड कडू आणि शौचाला काळं होतंय. बंद करू का?»

स्वतःहून बंद करू नका. दुखणं थांबलं ते बहुतेक आम्ल कमी करणाऱ्या गोळीमुळे. जंतू जठराच्या चिकट आवरणाखाली दडलेले असतात, तिथे औषध पुरेसं पोचणं कठीण. म्हणून दोन-तीन अँटिबायोटिक्स एकत्र देतात, आणि आम्ल कमी झालं की तीही नीट काम करतात. अर्धवट सोडलं तर उरलेले जंतू त्या औषधांना दाद देईनासे होऊ शकतात. क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक एकदा फसलं की पुढच्या खेपेला सहसा ते टाळतात, म्हणजे हाताशी पर्याय कमी उरतात.

कडू, धातूसारखी चव मेट्रोनिडाझोल किंवा क्लॅरिथ्रोमायसिनची. कोर्स संपल्यावर जाते. मेट्रोनिडाझोल असेल तर दारू पूर्ण बंद (पार्टी नंतर करा!). काळा रंग कोर्समधल्या बिस्मथ या औषधाचा असू शकतो, पण आधी चिठ्ठीत बिस्मथ आहे का ते बघा. नसेल, किंवा शौच डांबरासारखं चिकट, दुर्गंधीयुक्त असेल, चक्कर येत असेल, तर रक्तस्राव असू शकतो. लगेच दवाखान्यात जा. अंगावर पुरळ, श्वास लागणं किंवा जोराचे जुलाब झाले तरी तसंच.

कोर्सनंतर किमान चार आठवड्यांनी श्वासाची किंवा शौचाची तपासणी करा. डॉक्टरांना विचारून आम्ल कमी करणारी गोळी त्याआधी दोन आठवडे बंद ठेवा, नाहीतर जंतू असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. रक्तातली अँटिबॉडी तपासणी इथे कामाची नाही, जंतू गेल्यावरही ती बराच काळ पॉझिटिव्ह राहते.