प्रतिसाद: मात्रेचे आकडे अक्षरांत लिहा

>"आईच्या इटालियन गोळ्यांचा कागद मराठीत करतोय. दुष्परिणामांची लांब यादी गाळली तर चालेल का?"

गाळू नका. फक्त "10 पैकी 1 पर्यंत लोकांना" अशी जी वारंवारता कागदावर दिलेली असते, ती ज्या त्या गटासोबत ठेवा, म्हणजे चक्कर आणि क्वचित होणारी काविळ एकाच पंक्तीत बसणार नाहीत. मला जास्त काळजी मात्रेची वाटते, आणि तो विषय इथे कुणी काढला नाही. इटलीत दशांशाला स्वल्पविराम देतात. उदाहरणार्थ, हृदय कमजोर झाल्यावर देतात त्या बिसोप्रोलोलच्या कागदावर सुरुवातीची मात्रा 1,25 मिलिग्रॅम असते, मग 2,5, मग 3,75. आपल्याकडच्या वयस्कर डोळ्यांना 1,25 हा आकडा 125 वाटू शकतो. मी सासूबाईंसाठी "सव्वा मिलिग्रॅमची एक गोळी, सकाळी, न चावता" असं लिहिलं. पुढे अडीच, पावणेचार. "एक गोळी" हे शब्द हवेतच, नाहीतर सव्वा गोळी समजली जाते.

आईची गोळीही बिसोप्रोलोलच असेल, तर निषिद्ध बाबींत तीव्र दमा ठळक लिहा. आणि दुष्परिणामांच्या यादीआधीच सांगा, की ही गोळी मनाने एकदम बंद करायची नाही, त्याने हृदयाचा त्रास बळावतो. चक्कर आली, नाडी फार मंद वाटली तर डॉक्टरांना फोन करायचा.